साधनचलाचे अनुमान कसे मांडावे : पहिल्या टप्प्याचे बळ आणि वर्जनाचे गृहीतक

धरणामुळे शेतीचे उत्पादन किती वाढते, याचे उत्तर धरणे असलेला आणि नसलेला जिल्हा शेजारी-शेजारी ठेवून मिळत नाही. धरणाची जागा कोणी चिठ्ठ्या टाकून ठरवत नाही. जिथे जमीन कसदार आहे, जिथल्या पुढाऱ्यांचे मुंबईत वजन आहे, किंवा उलट जिथे अवर्षण वारंवार पडते, तिथे धरणाची मागणी आधी पुढे येते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला खानदेश या तिसऱ्या प्रकारात मोडतो. अशा ठिकाणी धरण आणि उत्पादन यांची नुसती सांगड घातली, तर हाती येणाऱ्या आकड्यात धरणाचा परिणाम किती आणि धरण तिथेच का झाले याचा वाटा किती, हे वेगळे करता येत नाही. चूक कोणत्या बाजूची आहे हेही सांगता येत नाही. कसदार जमिनीमुळे आकडा फुगतो आणि अवर्षणामुळे तो आक्रसतो.

या अडचणीवर अर्थमितीने काढलेला एक मार्ग म्हणजे साधनचल, म्हणजेच इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल. धरण कुठे होते यावर परिणाम करणारी, पण उत्पादनाशी स्वतःचा दुसरा कोणताही संबंध नसलेली एखादी गोष्ट शोधायची, आणि तिच्यामुळे धरणांच्या संख्येत जो फरक पडला तेवढाच फरक उत्पादनाशी ताडून पाहायचा. अमेरिकी अर्थतज्ज्ञ फिलिप राइट यांनी १९२८ मध्ये प्राणिज व वनस्पतिजन्य तेलांच्या आयात शुल्कावरच्या पुस्तकाच्या परिशिष्टात ही रीत पहिल्यांदा मांडली. भारतातल्या धरणांसाठी ती एस्थर डफ्लो आणि रोहिणी पांडे यांनी वापरली. ‘डॅम्स’ हा त्यांचा लेख २००७ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे साधनचल होते नदीच्या पात्राचा उतार.

ही निवड अभियांत्रिकीच्या जाणकाराला लगेच पटते. सिंचनाच्या धरणातले पाणी कालव्यातून आपल्याच ओघाने वाहावे लागते. त्यासाठी नदीला थोडा उतार हवा. पात्र अगदी सपाट असेल तर भिंत फार लांब बांधावी लागते आणि बुडित क्षेत्र वाढते. उतार तीव्र असेल तर कालवे काढणे अवघड होते. अतितीव्र उतार मात्र वीजनिर्मितीच्या धरणांना सोयीचा ठरतो. डफ्लो आणि पांडे यांनी प्रत्येक जिल्ह्यातल्या नदीपात्राचे उताराप्रमाणे चार गट केले : दीड टक्क्यांपर्यंत, दीड ते तीन, तीन ते सहा, आणि सहा टक्क्यांहून अधिक. सपाट गट तुलनेचा आधार धरला, तर दीड ते तीन टक्क्यांच्या गटात धरणे अधिक, तीन ते सहाच्या गटात कमी आणि सहाच्या वर पुन्हा अधिक आढळली.

उतार मात्र वर्षानुवर्षे तोच राहतो आणि धरणे तर काळाबरोबर वाढत गेली. म्हणून त्यांनी उताराचा गुणाकार त्या राज्यात त्या वर्षापर्यंत अपेक्षित असलेल्या धरणांच्या संख्येशी केला. ही अपेक्षित संख्या १९७० मधला त्या राज्याचा वाटा आणि पुढे देशभर वाढत गेलेली एकूण धरणे यांच्यावरून काढली होती, त्यामुळे एखाद्या राज्याने नंतर घेतलेले निर्णय तिच्यात शिरत नाहीत. जिल्ह्याचे कायमचे गुण आणि राज्यातल्या त्या-त्या वर्षीच्या घडामोडी यांचा हिशेब वेगळा धरला गेला. निष्कर्ष असा निघाला की धरणाच्या खालच्या अंगाच्या जिल्ह्यांत उत्पादन वाढते आणि ग्रामीण दारिद्र्य घटते. धरण ज्या जिल्ह्यात आहे तिथे मात्र उत्पादनातली वाढ शून्याहून वेगळी आहे असे ठामपणे म्हणता येत नाही, आणि दारिद्र्य वाढते.

असा निष्कर्ष वाचकापुढे ठेवताना दोन गोष्टी सांगाव्याच लागतात. उतार धरणांची संख्या खरोखर किती बळाने हलवतो, ही पहिली. तिला पहिल्या टप्प्याचे बळ म्हणतात. उतार उत्पादनापर्यंत धरणाखेरीज दुसऱ्या वाटेने पोहोचत नाही, ही दुसरी. ते वर्जनाचे गृहीतक. पहिलीचे उत्तर आकडेवारी देते. दुसरीचे उत्तर आकडेवारीतून पूर्णपणे कधीच मिळत नाही. त्यासाठी भूगोल, पाणी आणि शेती यांची माहिती लागते. या दोहोंचा एकमेकींशी असलेला संबंध अनेक अहवालांतून सुटून जातो. पहिला टप्पा दुबळा असेल, तर वर्जनाच्या गृहीतकातली लहानशी चूकही अंतिम आकड्यात मोठी होऊन उतरते. म्हणून ही दोन विधाने एकमेकांशेजारी लिहायची असतात.

याचे गणित सोपे आहे. साधनचल एक असेल तर अनुमान म्हणजे फक्त एक भागाकार असतो.

```
β = ρ / π
```

यात π म्हणजे साधनचल एका एककाने वाढले की धरणे किती वाढतात. हा पहिला टप्पा. ρ म्हणजे साधनचल एका एककाने वाढले की उत्पादन किती वाढते. याला संक्षिप्त रूप म्हणतात. दोहोंचा भागाकार β म्हणजे एका धरणामागे उत्पादनात पडणारा फरक. अहवालात केवळ β दिला, तर तो कोणत्या दोन आकड्यांतून आला हे वाचकाला कळत नाही. π, ρ आणि β हे तिन्ही, प्रत्येकाच्या प्रमाण त्रुटीसह, एकाच तक्त्यात असावेत.

समजुतीसाठी काल्पनिक आकडे घेऊ. समजा π ०.५० आहे आणि त्याची प्रमाण त्रुटी ०.१०, ρ ०.३० टक्के आणि त्याची प्रमाण त्रुटी ०.१२. तर β ०.६०, म्हणजे एका धरणामागे उत्पादनात ०.६ टक्के वाढ. पहिल्या टप्प्याचे बळ मोजायचे परिमाण म्हणजे एफ. एकच साधनचल असताना ते π आणि त्याची प्रमाण त्रुटी यांच्या भागाकाराचा वर्ग असते. इथे भागाकार पाच, म्हणून एफ २५. नेहमीच्या सूत्राने काढलेले ९५ टक्क्यांचे विश्वास-अंतर ०.०७ ते १.१३ असे येते. हे अंतर काढताना, आणि पुढेही, π आणि ρ यांच्या त्रुटी परस्परांशी निगडित नाहीत असे सोयीसाठी धरले आहे.

आता पहिला टप्पा दुबळा करून पाहू. समजा π ०.२० आणि त्याची प्रमाण त्रुटी तीच ०.१०, ρ ०.१२ आणि त्रुटी तीच ०.१२. भागाकार पुन्हा ०.६० येतो, म्हणजे मुख्य तक्त्यातला आकडा अगदी सारखा दिसतो. पण एफ आता फक्त चार आहे. नेहमीचे सूत्र उणे ०.७ ते १.९ असे अंतर देते आणि तेही आता विश्वासार्ह राहत नाही. भाजक शून्याच्या जवळ डोलत असेल तर भागाकाराची वाटणी घंटेच्या आकाराची राहत नाही, आणि नेहमीचे सूत्र तर तोच आकार गृहीत धरते.

अशा वेळी १९४९ मध्ये अँडरसन आणि रुबिन यांनी मांडलेली कसोटी कामी येते. ती भागाकार टाळते. β ची एक-एक किंमत घेऊन ती विचारते : हीच किंमत खरी असती, तर ρ मधून β गुणिले π वजा केल्यावर उरणारा आकडा शून्याच्या पुरेसा जवळ पडला असता का? ज्या किमतींसाठी उत्तर ‘हो’ येते, त्या सर्वांचा संच म्हणजे विश्वास-अंतर. पहिल्या टप्प्याचे बळ कितीही कमी असले तरी हे अंतर खरे राहते. वरच्या पहिल्या उदाहरणात ते ०.१३ ते १.२९ येते, म्हणजे नेहमीच्या अंतराजवळच, फक्त उजवीकडे थोडे ताणलेले. दुसऱ्या उदाहरणात ते उणे ०.८ पासून थेट ३१ पर्यंत जाते. म्हणजे एका धरणाने उत्पादन घटते इथपासून ते तीसेक टक्क्यांनी वाढते इथपर्यंत काहीही खरे असू शकते. दोन्ही अहवालांत मुख्य आकडा ०.६०, पण पहिल्यातून काही कळते, दुसऱ्यातून जवळजवळ काहीच नाही.

नोंदींची संख्या मोठी असली म्हणून या दोषातून सुटका होत नाही. जोशुआ अँग्रिस्ट आणि अॅलन क्रूगर यांनी १९९१ मध्ये अमेरिकेत शिक्षणामुळे वेतन किती वाढते हे मोजताना जन्माची तिमाही हे साधनचल वापरले. त्यांच्याकडे तीन लाखांहून अधिक पुरुषांच्या नोंदी होत्या. १९९५ मध्ये बाउंड, जेगर आणि बेकर यांनी खऱ्या तिमाहीऐवजी यादृच्छिक, म्हणजे निव्वळ बनावट तिमाही घालून तेच गणित पुन्हा केले. निकाल मूळ निकालासारखाच आला, आणि प्रमाण त्रुटी पाहून काही बिघडल्याचे कळतही नव्हते. अनेक दुबळी साधनचले एकत्र वापरली की अनुमान साध्या रिग्रेशनच्या, म्हणजे ज्या चुकीपासून पळायचे होते तिच्याच दिशेने ओढले जाते. दोष पकडला गेला तो पहिल्या टप्प्याकडे पाहिल्यामुळे.

एफ किती असला म्हणजे पुरे? स्टायगर आणि स्टॉक यांच्या १९९७ च्या लेखापासून दहा हा आकडा रूढ झाला. तो एक अंदाजी उंबरठा आहे. ली, मक्रेरी, मोरेरा आणि पोर्टर यांनी २०२२ मध्ये दाखवले की एकच साधनचल असताना १.९६ चा नेहमीचा निकष वापरून पाच टक्क्यांची कसोटी खरोखर पाच टक्क्यांची राहायची असेल, तर एफ सुमारे १०४.७ लागतो. हे वाचून दहाच्या जागी नवा उंबरठा बसवण्याची गरज नाही. एफचा आकडा द्यावा आणि त्यासोबत अँडरसन–रुबिनचे अंतर नेहमीच द्यावे, मग एफ मोठा असो वा लहान. एफ दहाच्या वर आला तरच निकाल छापायचा, अशी चाळणी लावली तर योगायोगाने फुगलेले पहिले टप्पे तेवढे वाचकापर्यंत पोहोचतात, आणि त्याने नवी चूक शिरते.

एफ देताना तो कोणत्या प्रमाण त्रुटीवरून काढला हे सांगणे तितकेच आवश्यक आहे. खानदेशाचे उदाहरण इथे नेमके लागू पडते. आज जळगाव जिल्ह्यात १५ तालुके आहेत आणि धुळे जिल्ह्यात चार : धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा. समजा एखाद्या अभ्यासकाने या १९ तालुक्यांची तीस वर्षांची आकडेवारी घेतली. तक्त्यात ५७० ओळी दिसतील. पण नदीचा उतार प्रत्येक तालुक्याला एकच आहे. तो तीस वेळा लिहिल्याने माहिती तीसपट होत नाही. उताराच्या किमती १९ च आहेत. प्रत्येक ओळ स्वतंत्र धरून काढलेला एफ या अभ्यासात खूप मोठा दिसेल, आणि एका तालुक्याच्या सर्व वर्षांचा गट करून काढलेला एफ बराच खाली येईल. वाचकाने विश्वास ठेवावा तो दुसऱ्यावर. मॉन्टिएल ओलिया आणि फ्लूगर यांनी २०१३ मध्ये दिलेला ‘परिणामकारक एफ’ हाच विचार पुढे नेतो, आणि साधनचले एकाहून अधिक असतील तर तोच द्यावा. १९ गट हे गटवार त्रुटीच्या नेहमीच्या सूत्रासाठीही थोडेच आहेत, हेही अहवालात नोंदवावे लागते. १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला आणि काही तालुके नंतर निर्माण झाले, त्यामुळे जुनी आकडेवारी कोणत्या हद्दींवर जुळवून घेतली, हे सांगितल्याशिवाय त्या १९ लाही अर्थ नाही.

इथवर जे आले ते सगळे मोजता येण्याजोगे आहे. वर्जनाचे गृहीतक तसे नाही. उतार उत्पादनापर्यंत फक्त धरणामार्गे जातो, असे ते म्हणते. ‘उतार निसर्गाने दिला आहे, म्हणून गृहीतक पाळले जाते,’ हे वाक्य अनेक लेखांत आढळते, पण त्यात तर्क अपुरा आहे. साधनचल माणसाने निवडलेले नाही एवढेच त्याने सिद्ध होते. निसर्गाने दिलेली गोष्ट अनेक वाटांनी शेतापर्यंत पोहोचू शकते. त्या वाटा एक-एक करून मोजायच्या तर त्या ओळखणारी नजर हवी.

आधी हे स्पष्ट करावे की गृहीतक नेमके कशाविषयी आहे. डफ्लो आणि पांडे यांच्या मांडणीत जिल्ह्याचे कायमचे गुण वेगळे काढले आहेत. सपाट प्रदेशातली जमीन मुळातच सुपीक असते, हा आक्षेप त्यामुळे निकाली निघतो. उताराचा परिणाम सर्व राज्यांत वर्षागणिक सारखाच बदलत गेला असेल, तर तोही वेगळा काढला आहे. शिल्लक उरतो तो एवढाच धोका : ज्या राज्यांत धरणे झपाट्याने वाढली, त्याच राज्यांत त्याच काळात उताराशी निगडित दुसरे काही तितक्याच झपाट्याने वाढले का? महाराष्ट्र हे देशात सर्वाधिक मोठी धरणे असलेले राज्य, म्हणून प्रश्न इथे थेट लागू होतो. खानदेशात अशा तीन वाटा दिसतात.

पहिली वाट शेजारच्या जिल्ह्यातून येते. गिरणा धरण १९६९ मध्ये पूर्ण झाले. ते नाशिक जिल्ह्याच्या नांदगाव तालुक्यात आहे, आणि त्याचे पाणी खाली जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव, भडगाव, पाचोरा या बाजूच्या शेतांना मिळते. जळगावचे उत्पादन केवळ जळगावातल्या धरणांशी जोडले, तर वरच्या जिल्ह्यातल्या धरणांचा परिणाम हिशेबाबाहेर राहतो. शेजारी जिल्ह्यांचे उतार एकमेकांशी मिळतेजुळते असल्याने ही राहिलेली वाट साधनचलाला चिकटून येते. डफ्लो आणि पांडे यांनी म्हणूनच स्वतःच्या जिल्ह्यातली धरणे आणि वरच्या अंगाच्या जिल्ह्यांतली धरणे अशी दोन चले घेतली आणि दोन्हींना उताराची स्वतंत्र साधनचले दिली. अशा वेळी पहिले टप्पेही दोन होतात. दोन्हींचा एफ वेगवेगळा चांगला असूनही दोन्ही साधनचले एकच गोष्ट सांगत असू शकतात. म्हणून एकाला बाजूला ठेवून दुसऱ्याचे उरलेले बळ मोजणारा सशर्त एफ द्यावा. सँडरसन आणि विंडमायर यांनी २०१६ मध्ये तो दिला आहे.

दुसरी वाट जमिनीखालून जाते. तापीकाठचा रावेर, यावल, चोपड्याचा पट्टा गाळाचा आणि सपाट आहे. जळगावची केळी या पट्ट्यात पिकतात ती बव्हंशी विहिरी आणि कूपनलिकांच्या पाण्यावर. विजेचे पंप पसरले, पुढे ठिबक आले, तसे हे सिंचन वाढत गेले. वीज आणि पंप यांची वाढही राज्याराज्यांत वेगळी होती, आणि ज्या राज्याने धरणांवर खर्च केला त्याने विजेवरही केला असण्याचा संभव आहे. सपाट गट इथे तुलनेचा आधार आहे. त्याचेच उत्पादन विहिरींमुळे वर गेले, तर मध्यम उताराच्या गटातली धरणे प्रत्यक्षाहून कमी उपयोगी दिसतील. या वाटेची चूक म्हणून अनुमान खाली ओढते.

तिसरी वाट लहान बंधाऱ्यांची. पांझरेच्या खोऱ्यात, धुळे आणि साक्री भागात, नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी फडात खेळवण्याची फड पद्धत कित्येक पिढ्यांपासून चालत आली आहे. तिला लागतो तसा मध्यम उतारच मोठ्या धरणालाही लागतो. जुने बंधारे कायमच्या गुणांबरोबर वेगळे निघून जातात. पण कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, पाझर तलाव आणि लहान तलाव हे धरणांच्या बरोबरीने वाढत गेले, आणि मोठ्या धरणांच्या नोंदवहीत ते नसतात, कारण तिथे मुख्यतः १५ मीटरहून उंच भिंती मोजल्या जातात. मध्यम उताराच्या भागातली वाढ अशा बंधाऱ्यांमुळेही झाली असेल, तर तिचे श्रेय मोठ्या धरणांना जाईल. ही चूक अनुमान फुगवते.

वर्जनाची प्रामाणिक चर्चा या पातळीवर उतरावी लागते : वाट कोणती, ती काळाबरोबर बदलते का, आणि तिने आकडा वर जातो की खाली. ‘इतर वाटा संभवत नाहीत’ असे लिहून हा परिच्छेद संपत नाही, आणि ‘काही मर्यादा आहेत’ असे म्हणूनही नाही.

आकडेवारी ही चर्चा पुरी करू शकत नसली तरी तिला मदत करते. एक, संशयित वाटेचे मोजमाप थेट तपासावे : उताराचे साधनचल विहिरींची संख्या किंवा पंपांचे जोड यांच्याशी निगडित आहे का? निगडित असेल तर धोका खरा आहे. दोन, ज्या काळात किंवा ज्या भागात साधनचल धरणांना हलवतच नाही, तिथे त्याचा उत्पादनाशी संबंध दिसतो का ते पाहावे. दिसला, तर दुसरी वाट नक्कीच आहे. हेदर सार्सन्स यांनी २०१५ मध्ये हीच युक्ती भारतातल्या धरणांवर वापरली. पावसामुळे उत्पन्न बदलते आणि उत्पन्नामुळे दंगली होतात, असे धरून पाऊस हे साधनचल अनेकांनी घेतले होते. सार्सन्स यांना आढळले की धरणाच्या खालच्या जिल्ह्यांत उत्पन्न पावसावर कमी अवलंबून असते, तरीही पाऊस आणि दंगली यांचा संबंध तिथे कमी होत नाही. म्हणजे पाऊस दंगलींपर्यंत उत्पन्नाखेरीज आणखी कुठल्या वाटेने जातो.

अतिनिर्धारणाची कसोटी, जी सार्गन आणि हॅन्सन यांच्या नावाने ओळखली जाते, तिच्यावर मात्र फार भिस्त ठेवू नये. अनेक साधनचले एकच उत्तर देतात का, एवढेच ती पाहते. उताराचे तिन्ही गट एकाच विहिरींच्या वाटेने बिघडलेले असतील, तर ते एकमेकांशी जुळतील आणि कसोटी पार होईल.

आता बळ आणि वर्जन एकत्र आणता येतात. साधनचलाचा उत्पादनावर धरणाविना होणारा थेट परिणाम γ मानला, तर खरे उत्तर असे होते :

```
β = (ρ − γ) / π
```

म्हणजे अनुमानातली चूक γ भागिले π एवढी. γ अज्ञात आहे, पण त्याला मर्यादा घालता येतात. कॉनली, हॅन्सन आणि रॉसी यांनी २०१२ मध्ये ही रीत पद्धतशीरपणे मांडली. काल्पनिक उदाहरणात बंधाऱ्यांमुळे γ अधिक ०.१० पर्यंत आणि विहिरींमुळे उणे ०.१० पर्यंत असू शकतो असे धरू. π ०.५० असताना ०.६० चे अनुमान ०.४० ते ०.८० यांदरम्यान हलते. निष्कर्षाचा गाभा टिकतो. π ०.२० असताना तेवढ्याच γ मुळे ते ०.१० ते १.१० यांदरम्यान जाते. गृहीतकातला दोष दोन्हीकडे सारखा. दुसरीकडे तो अडीचपट मोठा होऊन उतरला. नमुन्यातून येणारी अनिश्चितता यात अजून मिळवलेलीही नाही.

शेवटची नोंद उत्तर कोणाविषयी आहे याची. इम्बेन्स आणि अँग्रिस्ट यांनी १९९४ मध्ये स्पष्ट केले की साधनचलाचे अनुमान सर्वांची सरासरी देत नाही; साधनचलामुळे ज्यांची स्थिती बदलली त्यांच्याविषयी ते बोलते. इथे ते उतार सोयीचा होता म्हणून झालेल्या धरणांविषयी बोलते. उतार प्रतिकूल असूनही अन्य कारणांनी उभारलेल्या धरणांना ते लागू करता येत नाही.

या सर्वांचा अहवालातला परिच्छेद फार लांब होत नाही. काल्पनिक आकड्यांनी तो असा लिहिता येईल : ‘उताराच्या साधनचलाचा पहिल्या टप्प्यातला गुणांक ०.५० आहे, तालुकावार गट करून काढलेली प्रमाण त्रुटी ०.१० आणि एफ २५. चिन्ह अभियांत्रिकीच्या अपेक्षेप्रमाणे आहे. संक्षिप्त रूपातला गुणांक ०.३० आणि अनुमान ०.६० टक्के असून अँडरसन–रुबिनचे ९५ टक्क्यांचे अंतर ०.१३ ते १.२९ आहे. वरच्या अंगाच्या धरणांचा हिशेब वेगळा धरला आहे. गाळाच्या पट्ट्यातल्या विहिरींमुळे अनुमान कमी आणि नोंदीबाहेरच्या बंधाऱ्यांमुळे जास्त येण्याचा संभव आहे. थेट परिणाम दोन्ही बाजूंना ०.१० पर्यंत धरल्यास अनुमान ०.४० ते ०.८० राहते, थेट परिणाम अधिक ०.३० झाला तर ते शून्य होते.’

या परिच्छेदातले शेवटचे वाक्य सर्वांत उपयोगी आहे. अनुमान शून्य व्हायला थेट परिणाम नेमका संक्षिप्त रूपाएवढाच, म्हणजे उताराशी जुळलेली उत्पादनातली सर्व वाढ बंधाऱ्यांमुळेच झालेली असावी लागेल, हे त्यातून कळते. ते शक्य आहे का, हे साक्री-पिंपळनेरकडचा पाटकरी किंवा यावलचा केळी उत्पादक अर्थमितीचा एकही ग्रंथ न वाचता तपासू शकतो.